दाढ गेली, आता काय बसवायचं? इम्प्लांट, ब्रिज की काढती कवळी: खर्च आणि टिकाऊपणाचा हिशेब

खालच्या जबड्यातली पहिली मोठी दाढ ही बहुतेकांची सर्वात आधी जाणारी दाढ. कारण साधं आहे. ती वयाच्या सहाव्या वर्षी, दुधाचे दात पडायच्या आतच मागून उगवते. घरच्यांना वाटतं हीसुद्धा दुधाचीच आहे, पडेल आणि नवी येईल. मग कीड लागली तरी दुर्लक्ष होतं. तिशी-पस्तिशीत ती दुखून दुखून काढावी लागते आणि त्यानंतर प्रश्न उभा राहतो, की रिकाम्या जागी काय बसवायचं.

भंडारा, तुमसर, साकोली, पवनी कुठेही दातांच्या दवाखान्यात गेलात तर तीन पर्याय ऐकायला मिळतात: इम्प्लांट, ब्रिज आणि काढता-घालता येणारा दात, म्हणजे छोटी कवळी. तिघांच्या किमतीत दहा-पंधरा पटीचा फरक असतो. त्यामुळे वाचक आम्हाला विचारतात की महागडं तेच चांगलं का? तसं नाही. एका दाढेच्या बाबतीत खरा निर्णय रिकाम्या जागेवरून कमी आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या दातांवरून जास्त ठरतो. शेजारचे दात धड आहेत की आधीच पोखरलेले, हे कळलं की अर्धं उत्तर मिळालंच समजा.

इथे दिलेले आकडे आपल्या भागातल्या आणि नागपूरच्या खासगी दवाखान्यांतले ढोबळ दर आहेत. दवाखान्यागणिक ते कमी-जास्त होतात.

आधी दोन गोष्टी तपासा

दाढ अजून तोंडात असेल तर आधी ती वाचते का ते पाहा. कीड मुळापर्यंत गेली म्हणजे दाढ काढलीच पाहिजे असं नाही. रूट कॅनाल करून वर कॅप बसवली तर आपलीच दाढ कित्येक वर्षं चालते आणि खर्च इम्प्लांटच्या निम्म्याहून कमी येतो. मूळ उभं चिरलं असेल किंवा दाढ हाडाखालपर्यंत तुटली असेल तर मात्र नाइलाज असतो.

दाढ काढून झाली असेल तर कोणती दाढ गेली ते बघा. अक्कलदाढ गेली असेल तर तिथे काही बसवायची गरजच नाही. तिच्या आधीची, म्हणजे बाराव्या वर्षी येणारी दाढ गेली असेल आणि बाकी दात पूर्ण असतील, तर बऱ्याच लोकांचं चावणं तिच्याशिवाय नीट चालतं. समोरच्या जबड्यातली दाढ जागा सोडून खाली किंवा वर येत नसेल, तर डॉक्टरांशी बोलून ती जागा रिकामी ठेवणं हाही पर्याय आहे. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण दवाखान्यात हा पर्याय सहसा कोणी सांगत नाही.

पहिली मोठी दाढ गेली तर गोष्ट वेगळी. चावण्याचा मोठा भार तिच्यावर असतो. जागा रिकामी राहिली की मागची दाढ पुढे झुकते, समोरची दाढ त्या पोकळीत लांबते आणि रिकाम्या जागेचं हाड आटत जातं. हाडाची रुंदी पहिल्या वर्षातच जवळपास निम्मी होऊ शकते, त्यातलाही बराचसा भाग पहिल्या तीन महिन्यांत. म्हणून "पैसे आले की पाच वर्षांनी बघू" असं ठरवलं तर तेव्हा फक्त दाढ बसवून भागत नाही. आधी हाड भरा, झुकलेली दाढ सरळ करा, लांबलेली घासा, असा वाढीव खर्च येतो. बसवायचंच असेल तर दाढ काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत निर्णय झालेला बरा.

ब्रिज: शेजाऱ्याच्या खांद्यावरची दाढ

ब्रिज म्हणजे तीन कॅप एकमेकींना जोडलेल्या. पुढच्या आणि मागच्या दाताला चारही बाजूंनी घासून लहान करतात, त्यांवर दोन कॅप बसतात आणि मधली नकली दाढ त्या दोघींच्या आधाराने लटकते. हाडात काहीच रोवायचं नसतं. पहिल्या भेटीत सुन्न करून दात घासतात, माप घेतात आणि तात्पुरती कॅप लावतात. आठ-दहा दिवसांत लॅबमधून ब्रिज येतो. तो बसवून, चावा तपासून सिमेंटने पक्का करतात. दोन-तीन चकरांत काम होतं. ज्यांना रोजची मजुरी बुडवून यावं लागतं, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

दर कॅपप्रमाणे लागतो. धातूवर चिनी मातीचा थर असलेली कॅप साधारण ३,००० ते ६,००० रुपये, म्हणजे तीनचे ९,००० ते १८,०००. झिरकोनियाची कॅप ७,००० ते १२,००० च्या आसपास, म्हणजे ब्रिज २०,००० च्या वर. मागच्या दाढेसाठी धातू आणि चिनी मातीची कॅप चांगली चालते. हसताना तिथलं काही दिसत नाही, तेव्हा फक्त रंगासाठी झिरकोनिया घ्यायची गरज नाही. नुसत्या धातूची कॅप तर आणखी स्वस्त पडते आणि दात कमी घासावा लागतो. पण ती मागायला लोक लाजतात!

ब्रिजची खरी किंमत शेजारचे दात मोजतात. कॅपसाठी दाताचा दीड ते दोन मिलिमीटर थर सगळीकडून जातो. वरचं कडक इनॅमल पुन्हा कधीच येत नाही. काही जणांच्या घासलेल्या दाताची नस पुढे काही वर्षांत मरते आणि ब्रिजला भोक पाडून रूट कॅनाल करावं लागतं. शेजारचे दोन्ही दात निरोगी असतील तर एका गेलेल्या दाढेसाठी दोन चांगले दात कापणं हा घाट्याचा सौदा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उलट, शेजारच्या दाताचं आधीच रूट कॅनाल झालं असेल किंवा त्यात मोठी फिलिंग असेल, तर त्याला कॅप तशीही लागणारच होती. तिथे ब्रिज हाच शहाणपणाचा पर्याय ठरतो.

नीट बसवलेल्या शंभर ब्रिजपैकी दहा वर्षांनी साधारण नव्वद टिकून असतात. उरलेले बहुतेक एकाच कारणाने जातात: कॅपच्या कडेखालून आधाराच्या दाताला लागलेली कीड. ही कीड गुपचूप वाढते. त्या दाताचं रूट कॅनाल झालेलं असेल तर नस नसल्यामुळे तो दुखतच नाही. आणि एका बाजूची कॅप सिमेंट सुटून सैल झाली तरी दुसरीच्या आधारावर ब्रिज जागेवरच राहतो. मग ओळखायचं कसं? चावताना एका बाजूने खारट-आंबूस चव येते, तोंडाला न जाणारा वास येतो. आरशासमोर बोटाने ब्रिज वर-खाली दाबून पाहा. कॅपच्या कडेला थुंकीचे बारीक बुडबुडे निघाले तर ती बाजू सुटली आहे. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलात तर ब्रिज काढून, दात साफ करून बहुधा काम भागतं. वर्षभर काढलंत तर आधाराचा दातही जातो, आणि तेव्हा एकीऐवजी दोन जागा रिकाम्या होतात.

नकली दाढेच्या खाली अन्न अडकतं आणि साधा ब्रश तिथे पोहोचत नाही. त्यासाठी दोन दातांमध्ये घालायचा बारीक ब्रश मेडिकल स्टोअरमध्ये मिळतो. रात्री झोपण्याआधी तो एकदा फिरवला तरी ब्रिजचं आयुष्य वाढतं.

काढता दात: स्वस्त, पण कशासाठी?

गुलाबी प्लास्टिकची, म्हणजे अॅक्रिलिकची पट्टी, त्यावर एक दाढ आणि शेजारच्या दातांना पकडणारी तार. माप देऊन आठवड्याभरात मिळते. १,००० ते ३,००० रुपयांत काम होतं. दात घासावा लागत नाही, हाडात काही रोवावं लागत नाही. वाकणाऱ्या मटेरियलची ३,००० पासून ८,००० पर्यंत जाते. धातूच्या सांगाड्यावर ओतून केलेली कवळी याहून महाग, साधारण ६,००० ते १५,०००, पण तिचा टेकू शेजारच्या दातांवर असतो म्हणून ती सर्वात चांगली चालते.

अॅक्रिलिकच्या पट्टीची अडचण अशी की तिचा सगळा भार मऊ हिरडीवर पडतो. चावलं की ती दबते आणि हळूहळू खाली रुतत जाते. शेजारच्या दातांची हिरडी त्या घर्षणाने मागे सरकते, तारेखाली अन्न साचून दाताला कीड लागते. शिवाय तिने चावण्याची ताकद आपल्या दाढेच्या जवळपासही येत नाही. भाकर किंवा मटण त्या बाजूने चावणं जमत नाही, म्हणून बरेच लोक शेवटी ती डबीत ठेवून देतात. दोन-तीन महिने डबीत राहिली की दात थोडे सरकतात आणि ती पुन्हा बसतच नाही. तीन ते पाच वर्षांनी ती बदलावी लागेल असं धरूनच चला.

तरीही तिची जागा आहे. दाढ नुकतीच काढली आहे आणि इम्प्लांटसाठी पैसे जमवायला वर्ष लागणार आहे, तेवढ्या काळात शेजारचे दात झुकू नयेत म्हणून ती उपयोगी पडते. एकीपेक्षा जास्त दाढा दोन्ही बाजूंना गेल्या असतील तर धातूची कवळी हा खऱ्या अर्थाने चांगला पर्याय आहे. वय जास्त, शुगर आटोक्यात नाही, हृदयाचा त्रास आहे, अशा बुजुर्गांनाही तीच बरी.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध राहा. एकाच दाढेसाठी काही ठिकाणी फक्त त्या बाजूपुरता बोटाच्या पेराएवढा काढता दात करून देतात. तोंडाला जड वाटत नाही म्हणून लोकांना तो आवडतो. पण तो निसटून गिळला जाऊ शकतो किंवा श्वासनळीत अडकू शकतो, आणि अॅक्रिलिक एक्स-रेमध्ये नीट दिसत नाही. पट्टी जबड्याच्या दुसऱ्या बाजूपर्यंत गेलेलीच घ्यावी. कोणतीही कवळी घालून झोपू नये. रात्री ती पाण्यात ठेवायची, म्हणजे हिरडीलाही आराम मिळतो.

बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला बसणारे काही लोक पाचशे रुपयांत "फिक्स दात" लावून देतात. ते कच्चं अॅक्रिलिक मिसळून नकली दात शेजारच्या दातांना थेट चिकटवतात. तो काढता येत नाही, त्याखाली साफ करता येत नाही. काही महिन्यांत हिरडी सुजते, पू होतो आणि चांगले दोन दात हलायला लागतात. राज्य दंत परिषदेची नोंदणी नसताना असं काम करणं कायद्याने गुन्हा आहे. नोंदणीकृत डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो, तो पाहून घ्या.

इम्प्लांट: हाडात रोवलेलं मूळ

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, दाढेसाठी साधारण चार-पाच मिलिमीटर जाड आणि आठ ते बारा मिलिमीटर लांब. टायटॅनियमच्या अंगाला जिवंत हाड थेट चिकटतं, हे स्वीडनच्या ब्रॉनमार्क यांना हाडावरच्या प्रयोगांत आढळलं आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. आजची सगळी इम्प्लांट त्याच तत्त्वावर चालतात.

दाढ काढून जखम भरली की आधी थ्रीडी स्कॅन काढतात. त्यात हाडाची रुंदी, उंची आणि खालच्या जबड्यातून जाणारी नस दिसते. स्क्रूचं टोक आणि नस यांच्यात किमान दोन मिलिमीटर अंतर लागतं. ते सांभाळलं नाही तर ओठ आणि हनुवटी कायमची बधिर राहू शकते. वरच्या दाढेला नस नसते, पण वर सायनसची पोकळी असते. हाड पातळ असेल तर सायनसचा पडदा उचलून खाली हाड भरावं लागतं. साध्या एक्स-रेवर ही रुंदी कळत नाही. म्हणून स्कॅन न काढता दाढेचं इम्प्लांट करायला कोणी तयार असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

ऑपरेशन दात सुन्न करूनच होतं, अर्धा-पाऊण तास लागतो. हिरडी उघडून एकापेक्षा एक जाड ड्रिलने भोक करतात आणि सलाइनचं पाणी सतत सोडतात. हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापलं तर तिथल्या पेशी मरतात आणि स्क्रू धरत नाही. घाईघाईत केलेलं ड्रिलिंग इथेच अंगाशी येतं. आठवड्याभराने टाके निघतात. त्यानंतर खालच्या जबड्यात तीन ते चार महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिन्यांपर्यंत हाडाला स्क्रू धरू द्यायचा. मग माप घेऊन वर कॅप चढवतात. एकूण पाच-सहा चकरा होतात. "तीन दिवसांत पक्के दात" अशा जाहिराती दिसतात. ती वेगळ्या प्रकारची इम्प्लांट असतात आणि ती मुख्यतः पूर्ण जबड्यासाठी वापरतात. एका दाढेला तीन महिन्यांची वाट पाहणंच बरं, कारण चावण्याचा सर्वात जास्त दाब मागच्या दाढेवरच येतो.

खर्च स्क्रू आणि कॅप मिळून साधारण २०,००० ते ४५,००० रुपये. स्क्रूच्या कंपनीवर आणि कॅपवर फरक पडतो. स्कॅनचे दीड-दोन हजार आणि हाड भरावं लागलं तर आणखी पाच ते पंधरा हजार धरा. दर विचारताना "कॅपसकट किती?" हे स्पष्ट विचारा. जाहिरातीतला स्वस्त आकडा बऱ्याचदा फक्त स्क्रूचा असतो.

टिकाऊपणात इम्प्लांट पुढे आहे. दहा वर्षांनी शंभरातले सुमारे पंचाण्णव स्क्रू हाडात शाबूत असतात. कॅप मात्र त्याआधी बदलावी लागू शकते, कारण चिनी माती तडकते किंवा आतला छोटा स्क्रू सैल होतो. कॅप हलायला लागली तर घाबरू नका. बहुतेकदा आतला छोटा स्क्रू पुन्हा घट्ट करून काम होतं, पण ती हलत असताना चावत राहिलात तर तो तुटतो.

इम्प्लांटला कीड लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण त्याच्या भोवतीच्या हिरडीला संसर्ग होतो आणि हाड उतरत जातं. ब्रश करताना त्याच जागी रक्त येणं, दाबल्यावर पू येणं, हिरडी निळसर-लाल दिसणं, ही लक्षणं दिसली की दुखत नसलं तरी डॉक्टरांना दाखवा. खरा दात संसर्ग झाला की दुखून सांगतो, इम्प्लांट बहुधा सांगत नाही.

कोणाला इम्प्लांट नको

आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा सर्वात महत्त्वाचा आहे, कारण विडी आणि खर्रा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं इम्प्लांट फसण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट असतं. विडीने हिरडीतला रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड भरायला रक्त लागतं. हा हिशेब सरळ आहे. विडी सोडायची तयारी नसेल तर चाळीस हजार त्या जागी घालू नका, ब्रिज करा.

खर्र्याची गोष्ट वेगळी. सुपारीने गालाची आतली त्वचा कडक होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. इम्प्लांटचं ड्रिल मागच्या दाढेपर्यंत उभं धरायला तोंड मोठं उघडावं लागतं. घरी तपासायची सोपी रीत आहे: आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांच्या मध्ये जातात का ते बघा. दोनच जात असतील तर दाढेच्या आधी त्या आजाराची तपासणी करा. तो पुढे कॅन्सरकडेही जाऊ शकतो.

शुगर असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी आधी करा. ती सात-आठच्या वर असेल तर आधी शुगर आणा, मग इम्प्लांट. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एक गोळी किंवा वर्षातून एक इंजेक्शन चालू असेल तर ते डॉक्टरांना नक्की सांगा. अशा औषधांवर असताना जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही, असं होऊ शकतं.

आपल्या वाचकांना पडणारे दोन प्रश्न. पहिला, हाड भरण्याची पावडर कशाची? ती गायी-बैलाच्या हाडापासून केलेली असते, मानवी दात्याच्या हाडाचीही असते. वर घालायचा पडदा काही कंपन्यांचा डुकराच्या कोलॅजेनचा असतो. पण पूर्णपणे कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटची पावडरही मिळते. काही वेळा रुग्णाचंच हाड वापरतात. ऑपरेशनच्या आधी पाकिटावरचा उगम विचारा आणि कृत्रिम हवी असेल तर तसं सांगा, डॉक्टर मागवून देतात. शरई बाजू आपल्या आलिमांना विचारावी. टायटॅनियमच्या स्क्रूत प्राण्याचं काही नसतं. दुसरा प्रश्न रमजानचा. इम्प्लांट बसवल्यावर आठवडाभर दर आठ तासांनी गोळ्या आणि मऊ, थंड खाणं लागतं. म्हणून तारीख रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी किंवा ईदनंतर घ्यावी. माप घेणं आणि कॅप बसवणं ही कामं इफ्तारनंतरच्या वेळेत ठेवता येतात.

एका घरचा हिशेब मांडून पाहू

समजा लाखनीच्या बाजूच्या ४५ वर्षांच्या एक ताई आहेत. उजवीकडची खालची पहिली दाढ पाच महिन्यांपूर्वी काढली. विडी-खर्रा नाही, शुगर नाही. पुढचा दात एकदम चांगला, मागच्या दाढेत लहानशी फिलिंग. आपण वीस वर्षांचा खर्च काढू, आजच्याच दराने.

काढता दात अडीच हजारांचा, दर चार वर्षांनी नवा. वीस वर्षांत पाच वेळा, एकूण साडेबारा हजार. त्यात चावण्याचा फायदा थोडाच. ब्रिज पाच हजार दराने पंधरा हजार. दहा-बारा वर्षांनी एकदा बदलला तर तीस हजार, आणि मधे एका दाताचं रूट कॅनाल करावं लागलं तर आणखी चार हजार. इम्प्लांट तीस हजार, स्कॅन दोन हजार आणि वीस वर्षांत एकदा कॅप बदलायचे आठ हजार, म्हणजे चाळीस हजार. दुरून पाहिलं की इम्प्लांट ब्रिजच्या दुप्पट दिसतं, पण वीस वर्षांत फरक सहा हजारांवर येतो. आणि ताईंचे दोन चांगले दात शाबूत राहतात. या ताईंना आम्ही इम्प्लांटच सांगू. आज एकदम बत्तीस हजार नसतील तर स्क्रूचे पैसे आता आणि कॅपचे तीन-चार महिन्यांनी, असे दोन हप्ते बहुतेक दवाखाने करून देतात.

आता एकच गोष्ट बदला. मागच्या दाढेचं रूट कॅनाल झालेलं आहे आणि तिला कॅप लागणारच आहे. मग त्या कॅपचे पाच हजार तसेही जाणार होते. ब्रिजचा वाढीव खर्च दहा हजारच उरतो, आणि पुढचा एकच चांगला दात घासावा लागतो. इथे इम्प्लांटचा हट्ट धरायचं कारण नाही, ब्रिज घ्यावा.

या हिशेबात येण्याजाण्याचं भाडं आणि बुडलेली मजुरी धरलेली नाही. पाच-सहा चकरा नागपूरला असतील तर ती रक्कम मोठी होते. लाखनी-साकोलीच्या लोकांनी भंडाऱ्यातच काम होत असेल तर तिथेच करावं. खर्च परवडतच नसेल तर नागपूरला मेडिकलच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. ते १९६८ पासून चालतं. हिंगण्याला आणि सावंगी मेघेलाही दंत महाविद्यालयं आहेत. तिथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खासगीपेक्षा पैसे कमी लागतात, पण चकरा आणि वाट पाहणं जास्त. ब्रिज आणि कवळीसाठी ही चांगली सोय आहे. आरोग्य विमा असेल तर त्यावर फार विसंबू नका. अपघातात दात गेला नसेल तर बहुतेक पॉलिसी दात बसवण्याचे पैसे देत नाहीत.

इम्प्लांट केलं तर स्क्रूच्या पाकिटावरचं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनीचं नाव, माप आणि लॉट नंबर असतो. पंधरा वर्षांनी कॅप बदलायची वेळ आली आणि तोवर तो दवाखाना बंद झाला असेल, तर नव्या डॉक्टरांना त्या स्टिकरवरूनच कळतं की कुठल्या कंपनीचा कोणता छोटा स्क्रू आणि कोणती किल्ली लागणार. ते स्टिकर आधार कार्डाच्या झेरॉक्ससोबत फाइलमध्ये ठेवून द्या.